पेरोलवाल्यांनो, रजेच्या पैशाचा हिशोब 25 लाखापासून सुरू करू नका

खाजगी कंपन्या, कारखाने, सहकारी बँका, ट्रस्ट, जिथे जिथे रिटायर होणाऱ्या माणसाचं फुल अँड फायनल बनतं तिथल्या पेरोल आणि अकाउंट्सच्या सगळ्या मित्रमैत्रिणींना,

नमस्कार. मी स्वतः बावीस वर्षं पेरोलला काढलीत, मार्च एंडला रात्री अकरापर्यंत बसलोय, एका माणसाचा डीए चुकला म्हणून अख्खी शीट परत काढलीय, त्यामुळे तुमच्यावर किती लोड असतो हे मला कोणी सांगायला नको. पण गेल्या दोनेक वर्षांत ओळखीतल्या लोकांचे रिटर्न भरताना रिटायर होताना मिळालेल्या रजेच्या पैशाच्या टॅक्स माफीत एकच चूक मला इतक्या वेळा दिसली की आता गप्प बसवत नाही, आणि ही चूक तुमच्या टेबलवर होते पण तिचे पैसे भरतो तो रिटायर झालेला माणूस, म्हणून हे पत्र तुम्हाला, इन्कम टॅक्सवाल्यांना नाही.

आमच्या दाजींचंच सांगतो. एमआयडीसीतल्या एका कंपनीत होते, 16 जून 1999 ला लागले आणि 31 जानेवारी 2025 ला 58 पूर्ण करून बाहेर पडले. शिल्लक रजा 290 दिवस, त्याचे 7,54,000 रुपये मिळाले, एक रुपया टॅक्स कापला नाही. दाजींनी फोन करून विचारलं होतं बरं का, तेव्हा पेरोलच्या मुलीने सांगितलं, "सर, पंचवीस लाखाच्या आत आहे ना, मग पूर्ण टॅक्स फ्री." दाजी खूश, ताई त्याहून खूश, त्यातले बरेचसे पैसे भाचीच्या फ्लॅटच्या डाउन पेमेंटला गेले पण. जूनमध्ये फॉर्म 16 आला, जुलैत ते फाईल घेऊन माझ्याकडे रिटर्न भरायला बसले, आणि फॉर्मच्या पार्ट बी मध्ये कलम 10(10AA) च्या ओळीसमोर मला 7,54,000 दिसले. जेवढे मिळाले तेवढेच्या तेवढे माफ. हे बघूनच मला शंका आली, कारण ज्या कंपनीत शेवटच्या पगारावर रजेचे पैसे देतात तिथे हे दोन आकडे सहसा जुळतच नाहीत, का ते खाली सांगतो.

आधी 25 लाखाचं बघू, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. सरकारी नोकराला, म्हणजे केंद्राच्या किंवा राज्याच्या, रिटायर होताना मिळालेले रजेचे पैसे पूर्ण माफ असतात, तिथे हिशोबच नाही. बाकी सगळ्यांना, यात सरकारी बँका आणि सरकारी कंपन्यांतले लोकही आले, चार आकडे काढायचे आणि त्यातला सर्वात लहान तेवढाच माफ. एक, प्रत्यक्ष मिळालेली रक्कम. दुसरा, महिन्याचा सरासरी पगार गुणिले दहा. तिसरा, कायद्याच्या हिशोबाने शिल्लक धरलेल्या रजेची किंमत, तीही सरासरी पगाराने. आणि चौथी ती सरकारने ठरवलेली मर्यादा. ही मर्यादा वर्षानुवर्षं 3 लाख होती, 2023 च्या बजेट भाषणात अर्थमंत्र्यांनी ती वाढवायचं जाहीर केलं, 24 मे 2023 ला नोटिफिकेशन निघालं आणि 1 एप्रिल 2023 पासून 25 लाख लागू झाले.

आता या 25 लाखाकडे जरा नीट बघा. त्या भाषणातच कारण दिलं होतं की 3 लाखाची मर्यादा 2002 मध्ये ठरली तेव्हा सरकारी नोकरीतला सर्वात मोठा बेसिक महिना 30,000 होता. 30,000 गुणिले दहा महिने, झाले 3 लाख. आणि सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सर्वात वरचा, म्हणजे कॅबिनेट सेक्रेटरीचा बेसिक 2,50,000, गुणिले दहा, झाले 25 लाख. म्हणजे हा आकडा बसतो तो सगळ्यात वरच्या साहेबाच्या दहा महिन्यांच्या बेसिकला. याचा अर्थ सरळ आहे, ज्याचा बेसिक आणि डीए मिळून सरासरी अडीच लाखाच्या खाली आहे आणि ज्याने आधी कुठे ही माफी घेतलेली नाही त्याला ही मर्यादा कधी आडवी येऊच शकत नाही, कारण त्याच्या आधी दहा महिन्यांचा आकडा आडवा येतो. आपल्या शीटवरच्या बहुतेक लोकांना 25 लाखाचा संबंधच नाही. पूर्वी 3 लाख असताना उलट होतं, सरासरी तीस हजाराच्या वर गेली की मर्यादा लागायची, त्यामुळे आपल्याला वीस वर्षं एकच सवय लागली की रजेचे पैसे आले की 3 लाख माफ, बाकीवर टॅक्स, संपलं. बाकीचे आकडे कोणी काढत नव्हतं कारण गरजच पडायची नाही. 2023 नंतर मर्यादा वर गेली आणि जे आकडे इतकी वर्षं झाकलेले होते तेच आता निकाल लावायला लागले, पण आपण मात्र सवयीने 3 च्या जागी 25 टाईप करून मोकळे झालो.

दाजींचं काय झालं ते आता पूर्ण करतो.

त्यांच्या कंपनीत महिन्याला तीन म्हणजे वर्षाला 36 दिवस अर्जित रजा, वर्ष पूर्ण झालं की खात्यात पडायची. 25 वर्षं पूर्ण, वरचे साडेसात महिने सोडून द्या. 25 गुणिले 36, एकूण 900 दिवस. त्यातले 610 दिवस त्यांनी वापरले, ताईचं ऑपरेशन, भाचीची दहावी बारावी, गावचं घर बांधताना सलग दोन महिने, असं करत करत. राहिले 290. कंपनीने ते 290 दिवस शेवटच्या महिन्याच्या बेसिक अधिक डीएवर दिले. शेवटचा आकडा 78,000 होता, म्हणजे दिवसाला 2,600, गुणिले 290, बरोबर 7,54,000. कंपनीने दिलेले पैसे अगदी बरोबर आहेत, त्यात काही तक्रार नाही. चूक पुढे आहे.

पहिली गोष्ट सरासरी पगार. कायदा शेवटचा पगार विचारतच नाही, रिटायर व्हायच्या लगेच आधीच्या दहा महिन्यांची सरासरी विचारतो. दाजी 31 जानेवारीला सुटले म्हणजे ते दहा महिने एप्रिल 2024 ते जानेवारी 2025. एप्रिल ते सप्टेंबर सहा महिने बेसिक अधिक डीए 72,000 होता, ऑक्टोबरला इन्क्रिमेंट लागलं आणि पुढचे चार महिने 78,000. सहा महिन्यांचे 4,32,000 आणि चार महिन्यांचे 3,12,000, मिळून 7,44,000, भागिले दहा, सरासरी 74,400. दिवसाला 2,480. म्हणजे ज्या दराने पैसे दिले तो 2,600 आणि ज्या दराने माफी मिळते तो 2,480, दिवसामागे 120 रुपयांचा फरक इथेच पडला. वर मी म्हटलं ना की मिळालेली रक्कम आणि माफ रक्कम एकसारखी दिसली की शंका येते, ती यासाठी. शेवटच्या दहा महिन्यांत इन्क्रिमेंट झालं असेल किंवा डीए वाढला असेल तर सरासरी ही शेवटच्या पगारापेक्षा कमीच असणार, आणि कंपनी शेवटच्या पगारावर देत असेल तर थोडीतरी रक्कम टॅक्समध्ये येणारच.

या पगारात काय धरायचं यावरही दोन शब्द. बेसिक, आणि डीए जर नोकरीच्या अटींप्रमाणे रिटायरमेंटच्या फायद्यांसाठी धरला जात असेल तर तो, आणि विक्रीवर ठरलेल्या टक्क्याने कमिशन मिळत असेल तर ते. बस. एचआरए नाही, कन्व्हेयन्स नाही, स्पेशल अलाउन्स नाही, बोनस नाही. काही कंपन्या मोठ्या मनाने रजेचे पैसे ग्रॉसवर देतात, चांगलंच आहे, पण माफी बेसिक डीएवरच मोजली जाते हे त्या माणसाला आधी सांगायला पाहिजे. उलटही बघितलंय, एका ठिकाणी नुसता बेसिक धरला होता, डीए सोडूनच दिला होता, आणि त्या बिचाऱ्या माणसाने विनाकारण जास्त टॅक्स भरला होता.

आता खरी मेख. तिसरा आकडा, रजेचा.

कंपनी वर्षाला 36 दिवस देवो, 40 देवो नाहीतर 45 देवो, माफीच्या हिशोबात कायदा वर्षाला 30 दिवसांच्या वर रजा मानतच नाही. कलमाच्या स्पष्टीकरणात हे लिहिलेलं आहे, ज्या मालकाकडून रिटायर झाला त्याच्याकडे केलेल्या प्रत्यक्ष नोकरीच्या प्रत्येक वर्षाला जास्तीत जास्त तीस दिवस. म्हणजे दाजींची कायद्याला मान्य रजा 25 गुणिले 30, 750 दिवस. त्यातून वापरलेले 610 वजा करा. उरले 140. दोनशे नव्वद नाही, एकशे चाळीस. वापरलेली रजा पूर्ण वजा होते, ती काही 36 ला 30 अशा प्रमाणात कमी करून मिळत नाही, त्यामुळे कंपनीने दरवर्षी जे सहा दिवस जास्त दिले ते पंचवीस वर्षांचे दीडशे दिवस अख्खेच्या अख्खे शिल्लक रजेतून उडतात. 140 दिवस गुणिले 2,480, आले 3,47,200.

चारही आकडे शेजारी ठेवा. मिळाले 7,54,000. सरासरी पगार गुणिले दहा 7,44,000. रजेची किंमत 3,47,200. मर्यादा 25,00,000. सर्वात लहान 3,47,200, तेवढेच माफ. उरलेले 4,06,800 दाजींच्या पगारात मिळवायचे. ताळा करून बघायचा असेल तर असा बघा, कायद्याने न मानलेले 150 दिवस गुणिले 2,600 म्हणजे 3,90,000, आणि मानलेल्या 140 दिवसांवर दिवसामागे 120 रुपयांचा फरक म्हणजे 16,800, बेरीज 4,06,800. जुळलं.

टॅक्स किती लागला तेही सांगतो. दाजी नव्या रिजीममध्ये होते, ही माफी नव्या रिजीममध्येही मिळते, काही लोकांना वाटतं मिळत नाही, तर तसं नाही. त्या वर्षीचा दहा महिन्यांचा पगार 11 लाख, स्टँडर्ड डिडक्शन 75,000 जाऊन 10,25,000, एवढ्यावर कंपनीने टीडीएस कापला होता. त्यात हे 4,06,800 मिळवले की 14,31,800. बारा लाखापर्यंतच्या 1,75,000 वर 15 टक्क्यांनी 26,250, त्यावरच्या 2,31,800 वर 20 टक्क्यांनी 46,360, मिळून 72,610, त्यावर 4 टक्के सेस, झाले साधारण 75,500. वर 1 एप्रिलपासून महिन्याला एक टक्का व्याज. ज्या माणसाचा पगार पाच महिन्यांपूर्वी बंद झालाय आणि पैसे मुलीच्या घरात गुंतलेत त्याला तुम्ही जुलैमध्ये सांगताय की पाऊण लाख भरा. दाजी काही बोलले नाहीत, त्यांनी नुसता चष्मा काढून टेबलवर ठेवला. ताई म्हणाली, "अरे पण कंपनीने लिहून दिलंय ना टॅक्स फ्री म्हणून?" तिला काय उत्तर देणार मी. फॉर्म 16 मध्ये माफ लिहिलंय म्हणून ते माफ होत नाही, रिटर्न माणसाच्या सहीने जातं आणि जबाबदारी त्याचीच असते. रिटर्नमध्ये 7,54,000 टाकले असते तर ते गेलंही असतं, कारण तिथे आपण फक्त माफीची रक्कम भरतो, फॉर्म 16 शी जुळते आणि 25 लाखाच्या आत आहे म्हटल्यावर लगेच काही अडत नाही. पण पुढे कधी स्क्रुटिनीत रजेची वर्किंग मागितली तर टॅक्स, व्याज आणि उत्पन्न कमी दाखवल्याची पेनल्टी. आम्ही तसं केलं नाही, बरोबर आकडा टाकून टॅक्स भरला. भाचीने त्यातले पन्नास हजार परत दिले.

आता तुम्ही म्हणाल की आम्हाला 610 कुठून मिळणार, आमच्या सॉफ्टवेअरला फक्त बॅलन्स दिसतो. अगदी मान्य, आणि माझ्या मते चुकीचं मूळ हेच आहे. रजेचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने शिल्लक दाखवायची सोय केली कारण रोजच्या कामाला तेवढीच लागते, पण कलम 10(10AA) ला शिल्लक पुरत नाही, त्याला एकूण किती वर्षं आणि एकूण किती वापरली हे लागतं. दाजींच्या कंपनीत 2011 ला नवीन सिस्टिम आली तेव्हा जुन्या कार्डांवरची शिल्लक "ओपनिंग बॅलन्स" म्हणून एका आकड्यात टाकली आणि आधीच्या बारा वर्षांचं काय वापरलं ते सगळं त्या एका आकड्यात गाडलं गेलं. शेवटी जुनी कार्डं मिळाली ती दाजींच्या सवयीमुळे, दर वर्षाअखेरीला टाईम ऑफिसमधून कार्डाची झेरॉक्स घेऊन ते फाईलला लावायचे. पिवळट पडलेले कागद, तारखेचा गोल शिक्का, कोपऱ्यात टाईमकीपरची बारीक सही. त्यावरून आम्ही वर्षावर्षाची बेरीज करत गेलो तेव्हा 610 चा मेळ बसला.

कार्डं नसतील तर उलटं गणित करता येतं. रजेचे नियम काढा, पूर्ण वर्षांना किती रजा जमा झाली असेल ते काढा, त्यातून आजची शिल्लक वजा करा, जे येईल ते खात्यातून गेलेले दिवस. दाजींचे 900 वजा 290. पण इथे दोन ठिकाणी थांबून बघावं लागतं. एक, मध्येच नियम बदलला का, कारण 1999 ला 30 असतील आणि 2008 ला 36 झाले असतील तर प्रत्येक टप्प्याचा वेगळा हिशोब करावा लागेल. कंपनीचाच नियम 30 पेक्षा कमी असेल त्या वर्षांना तो कमी आकडाच धरायचा, 30 हा वरचा टप्पा आहे, सगळ्यांना मिळणारा हक्क नाही. दुसरं, गेलेले सगळे दिवस वापरलेलेच असतात असं नाही. साठवणुकीच्या मर्यादेमुळे काही लॅप्स झाले असतील, ते वापरलेले म्हणून वजा करू नका, तो माणूस ते दिवस कामावर होता आणि त्याचे त्याला पैसेही मिळालेले नाहीत. आणि काही दिवस नोकरीत असतानाच विकून पैसे घेतले असतील, ते मात्र वजा होतात, कारण ती रजा संपली. जाता जाता, नोकरीत असताना रजा विकून घेतलेल्या पैशाला ही माफी अजिबात नाही, ते पूर्ण पगारात धरायचे, तिथेही काही जण 25 लाखाचं कारण देऊन टीडीएस सोडून देतात.

ज्यांच्या कंपनीत वर्षाला 30 किंवा त्यापेक्षा कमी रजा आहे त्यांना ही 150 दिवसांची भानगड नाही, हे पण सांगतो म्हणजे उगाच कोणी घाबरायला नको. समजा दाजींच्या कंपनीत 30 च असते, 750 पैकी 460 वापरले असते आणि 290 च शिल्लक असते, तर रजेची किंमत 290 गुणिले 2,480 म्हणजे 7,19,200 आली असती, तेवढे माफ, फक्त 34,800 टॅक्समध्ये. शिल्लक 320 दिवस असती तर दहा महिन्यांचा आकडा लागला असता आणि 7,44,000 वर थांबलं असतं. तीच रजा, तोच पगार, आणि कुठला आकडा लहान ठरतो ते प्रत्येक माणसामागे बदलतं. म्हणून एकाचं बघून दुसऱ्याला सांगायचं नाही, आणि कॅन्टीनमध्ये "शिंद्यांना पूर्ण माफ झालं, तुला पण होईल" हे जे चालतं त्याला तुमच्याकडूनच लगाम लागू शकतो.

25 लाखाबद्दल अजून एक गोष्ट, ती मर्यादा आयुष्यभराची एकच आहे. आधीच्या कंपनीतून निघताना ही माफी घेतली असेल तर तेवढी 25 लाखातून वजा होते. म्हणजे 2016 मध्ये जुन्या नोकरीतून निघताना 1,20,000 माफ घेतले असतील तर आता मर्यादा 23,80,000. बहुतेकांना फरक पडणार नाही कारण मर्यादा मुळात लागतच नाही, पण मोठ्या पगाराच्या, दोन तीन कंपन्या बदललेल्या माणसाला पडतो, आणि ही माहिती तुमच्याकडे नसते, त्याला विचारावीच लागते. फुल अँड फायनलच्या फॉर्मवर एक ओळ वाढवा, याआधी कुठल्या नोकरीतून ही माफी घेतली होती का आणि किती.

राजीनाम्याचंही असंच अडतं. एका ताईंनी 52 व्या वर्षी तब्येतीमुळे राजीनामा दिला, त्यांच्या पेरोलने सगळ्या रजेच्या पैशावर टीडीएस कापला, कारण दिलं की तुम्ही रिटायर झाला नाहीत. अहो, कलमातच "सुपरअ‍ॅन्युएशनवर किंवा अन्यथा" असे शब्द आहेत, आणि राजीनामाही यात बसतो असं मद्रास आणि आपल्या मुंबई हायकोर्टाने जुन्या निकालांत सांगितलेलं आहे. ताईंनी रिटर्नमध्ये माफी घेतली आणि रिफंड आला, पण तोपर्यंत सात आठ महिने पैसे अडकून पडले, आणि तेही औषधपाण्याच्या काळात.

चूक लक्षात आलीच तर काय करायचं तेही सांगतो, कारण बऱ्याच वेळा तुम्हाला कळतं पण फॉर्म 16 देऊन झालाय म्हणून विषय बंद केला जातो. चौथ्या तिमाहीच्या 24Q चं करेक्शन भरा, माफीचा आकडा दुरुस्त करा, फॉर्म 16 चा पार्ट बी सुधारून द्या. आणि हे कागद व्हायची वाट न बघता आधी त्या माणसाला फोन करा, कारण त्याला रिटर्न सुधारायला कर निर्धारण वर्षातल्या ठरलेल्या तारखेपर्यंतच वेळ असते, त्यानंतर अपडेटेड रिटर्न भरून जादा टॅक्स द्यावा लागतो. कमी टीडीएस कापल्याचं उत्तर कंपनीलाही द्यावं लागतं, त्यावर व्याज लागू शकतं, म्हणजे गप्प बसण्यात तुमचाही काही फायदा नाही.

आणि चूक ओळखायला फार वेळ लागत नाही. मागच्या दोन वर्षांत रिटायर झालेल्यांचे फॉर्म 16 काढा आणि फक्त 10(10AA) ची ओळ बघा. तिथे मिळालेली रक्कम जशीच्या तशी असेल तर थांबा. तिथे बरोबर 3,00,000 असेल आणि माणूस एप्रिल 2023 नंतर रिटायर झाला असेल तर कोणीतरी जुनी शीट वापरलीय, त्या माणसाचं नुकसान झालंय. आणि तिथे काहीच नसेल तर ते पैसे सरळ पगारात टाकून दिलेत, हेही होतं, विशेषतः फुल अँड फायनल दोन महिने उशिरा निघालं आणि वेगळ्या व्हाउचरवर गेलं की.

माझं तुमच्याकडे मागणं एकच आहे, फॉर्म 16 सोबत एक पानाची वर्किंग द्या. लागल्याची आणि सुटल्याची तारीख, पूर्ण वर्षं, कंपनीच्या नियमाची रजा आणि कायद्याची रजा, वापरलेली, विकलेली, लॅप्स झालेली, शेवटच्या दहा महिन्यांचा बेसिक आणि डीए महिन्यावार, आणि खाली चार आकडे. एक्सेलमध्ये एकदा बनवली की पुढच्या माणसाला दहा मिनिटं लागतील. आणि ती रिटायर झाल्यावर नाही, तीन महिने आधी त्याच्या हातात द्या, त्याला समोर बसवून सांगा की एवढे मिळतील, यातले एवढे माफ, एवढ्यावर टॅक्स कापू, तर तो माणूस घराचं, लग्नाचं, कर्जाचं जे काही ठरवायचं ते हातात येणाऱ्या पैशावर ठरवेल.

दाजींच्या जागी त्यांच्याच सेक्शनमधल्या एक मॅडम आहेत, पुढच्या जूनअखेरीला त्या सुटतायत, 1998 पासून आहेत आणि तोच 36 दिवसांचा नियम. दाजींनी त्यांना सांगून ठेवलंय. त्यांच्या पेरोलच्या मुलीलाही मी हा हिशोब पाठवलाय, तिने मनाला न लावून घेता नीट वाचला आणि विचारलं की सर, 2011 च्या आधीची कार्डं कुठे असतील. टाईम ऑफिसच्या मागच्या खोलीत लोखंडी कपाट आहे, दाजी सांगतात, वरच्या कप्प्यात, टोकन नंबरने लावलेली.

तुमच्यातलाच एक, जुना पेरोलवाला